‘बिल्ला नाही, तर भरपाई नाही’ : जनावराच्या विम्याचा दावा नाकारल्यास उत्तर कसे द्यावे?

कर्जत व खालापूर तालुक्यांत भातशेतीच्या जोडीला एक-दोन दुभत्या म्हशी बाळगणारी अनेक कुटुंबे आहेत. नेरळ, चौक, खोपोली अशा बाजारांत घरचे दूध घालून वर्षभराचा किरकोळ खर्च त्यावर भागविला जातो. म्हैस पुष्कळदा कर्जावर घेतलेली असते आणि कर्ज देतानाच बँक तिचा विमा उतरविते. हप्ता कर्जखात्यातून वळता होतो, कानात बिल्ला बसतो आणि शेतकऱ्याच्या हाती फार तर एक पावती येते. पुढे म्हैस दगावली व दावा केला, की काही वेळा कंपनीचे दोन ओळींचे पत्र येते : ‘जनावराचा बिल्ला सादर न केल्यामुळे पॉलिसीच्या अटीनुसार आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.’ ही अट शेतकरी त्या पत्रातच प्रथम वाचतो.

असे पत्र आल्यावर बहुतेक जण ते घडी घालून कपाटात ठेवतात. छापील अट आहे म्हणजे विषय संपला, अशी समजूत असते. कायद्याची स्थिती तशी नाही. या लेखात बिल्ल्याच्या अटीचेच उदाहरण घेऊन उत्तर कसे तयार करावे, ते कोठे टिकते व कोठे टिकत नाही, हे पाहू.

अट कशासाठी असते?

कंपनीच्या दृष्टीने गोठ्यातील चार काळ्या म्हशी सारख्याच. विमा एकीचा आणि मेली दुसरी, असा प्रकार होऊ नये म्हणून कानातील बिल्ला ही ओळख ठरविलेली असते. मेलेल्या जनावराच्या कानातून काढलेला बिल्ला दाव्यासोबत द्यावा आणि बिल्ला हरवल्यास ताबडतोब कळवून नवा बसवून घ्यावा, असे पॉलिसीत छापलेले असते. यात गैर काही नाही. पशुसंवर्धन खात्यामार्फत बसविला जाणारा बारा अंकी पिवळा बिल्लाही ओळखीसाठीच असतो.

परंतु आपल्या भागात बिल्ला कानात टिकणे सोपे नाही. म्हशी वरकस जमिनीवर व डोंगरउतारावर चरावयास जातात, करवंदीच्या व घाणेरीच्या जाळीत शिरतात, खुंटाला व झाडाला कान घासतात. पावसाळ्यात बिल्ल्याच्या भोकाला जखम झाली की त्यात अळ्या पडतात, पाळी फाटते आणि बिल्ला चिखलात कोठे पडतो ते कळतही नाही. बिल्ला हा ओळखीचा पुरावा आहे, जनावर नव्हे. उत्तराचा पाया या साध्या फरकावर उभा राहतो.

अट कळविली नसेल तर

पहिला मुद्दा असा, की जी अट विमा घेणाऱ्याला कधी कळविलीच नाही ती त्याच्यावर बंधनकारक धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २००० साली मॉडर्न इन्शुलेटर्स या प्रकरणात स्पष्ट केले. त्या कारखानदाराला कंपनीने तात्पुरती विमापावती व परिशिष्ट एवढेच दिले होते. नुकसान झाल्यावर मात्र अशा कलमावर बोट ठेवले, जे त्याला दाखविलेच नव्हते. विमा हा दोन्ही बाजूंच्या संपूर्ण सचोटीवर चालणारा करार आहे, त्यामुळे महत्त्वाच्या गोष्टी सांगण्याचे बंधन कंपनीवरही आहे, असे न्यायालयाने म्हटले. २०१९ साली भारत वॉच कंपनीच्या प्रकरणातही हेच झाले. भरपाई नाकारण्यासाठी दाखविलेल्या अटींचा कागद विमाधारकाला दिलाच नव्हता, म्हणून त्या अटी त्याच्यावर लादता येत नाहीत असा निकाल झाला.

येथे शेतकरी विचारतात, की ‘मला कागद मिळाला नाही’ हे सिद्ध कसे करावयाचे? न मिळालेल्या वस्तूचा पुरावा कोणाजवळच नसतो. म्हणून आपण तसे लेखी, स्पष्ट व तारखेसह कळवावयाचे आणि कागद पाठविल्याचा पुरावा कंपनीकडे मागावयाचा. टपालाची पावती, जावक नोंद किंवा मोबाईलवर पाठविलेला संदेश, यांपैकी काहीतरी कंपनीने दाखविले पाहिजे. आता पॉलिसी पुष्कळदा मोबाईलवर दुव्याच्या रूपाने येते. तेव्हा प्रस्तावात कोणाचा मोबाईल क्रमांक लिहिला आहे हे अवश्य पाहावे. तेथे शेतकऱ्याऐवजी एजंटाचा क्रमांक लिहिलेला असेल, तर ‘पॉलिसी पाठविली’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

पॉलिसी बँकेकडे पाठविली असेही उत्तर येऊ शकते. अशा वेळी शाखेकडून लेखी घ्यावे, की मूळ पॉलिसी शाखेत केव्हा आली आणि तिची प्रत कर्जदाराला दिली होती किंवा नाही. शाखेने उत्तर दिले नाही, तर आपल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच तरी जपून ठेवावी.

अट अन्यायकारक असेल तर

दुसरा मुद्दा यापेक्षा वेगळा आहे. समजा अट कळविली होती. तरीही जनावराची ओळख इतर पुराव्यांनी निर्विवाद पटत असताना केवळ बिल्ला नाही म्हणून सर्वच भरपाई बुडविणे योग्य आहे काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही व्याख्या आली आहे. ग्राहकाचे नुकसान करणारी अवाजवी अट किंवा जबाबदारी त्याच्यावर लादणे हे तिच्यात मोडते. २०२२ साली टेक्स्को मार्केटिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर तळघरातील दुकानाचा विमा होता. कंपनीने जागा पाहून विमा दिला, हप्ता घेतला आणि आग लागल्यावर तळघर विम्यातून वगळलेले असल्याचे कलम काढले. ज्या गोष्टीचा विमा, तीच वगळणारे कलम मूळ करारच नष्ट करते, म्हणून ते चालणार नाही असे न्यायालयाने ठरविले.

बिल्ल्याची अट तळघराच्या कलमाइतकी टोकाची नाही, हे प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे. म्हणून ‘अट मुळातच बेकायदेशीर आहे’ असे लिहू नये. ‘अटीचा हेतू ओळख पटविणे हा आहे, तो हेतू इतर कागदांनी पूर्ण झाला आहे, तरीही दावा नाकारणे अन्यायकारक आहे’ असे लिहावे. हे म्हणणे बरेच भक्कम ठरते.

शेतीच्या विम्यात याला जवळचे उदाहरण उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचे आहे. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने सोयाबीन गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही या कारणावर पीक विमा नाकारला गेला. शासकीय पंचनाम्यांत मात्र नुकसान नोंदले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई देण्याचा आदेश दिला. सूचनेची मुदत नुकसान ताजे असताना पाहता यावे यासाठी असते. ते सरकारी कागदावर आधीच उतरले असेल, तर तांत्रिक उशिरावर सर्व बुडविणे टिकत नाही. बिल्ल्याला हाच विचार लागू पडतो.

एक उदाहरण

समजा, खालापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने कर्जावर म्हैस घेतली. विम्याची रक्कम ७०,००० रुपये व मुदत १० जून २०२५ ते ९ जून २०२६. विमा उतरविताना पशुवैद्यकाने आरोग्य दाखला दिला. त्यात बिल्ल्याचा क्रमांक, अंदाजे वय, तिसरे वेत, कपाळावर पांढरा ठिपका, शेपटीचा गोंडा पांढरा आणि डावे शिंग टोकाला तुटलेले, अशी खूण लिहिली. मालकासह म्हशीचा फोटो काढला. ८ सप्टेंबर रोजी म्हशीवर सरकारी दवाखान्यात उपचार झाले, तेव्हा नोंदवहीत बिल्ल्याचा तोच क्रमांक लिहिला गेला. ४ ऑक्टोबर रोजी म्हैस दगावली. त्याच दिवशी कंपनीला फोन केला, शवविच्छेदन झाले आणि अहवालात ‘डाव्या कानाची पाळी फाटलेली, बिल्ला आढळला नाही’ अशी नोंद झाली. त्याच अहवालात तुटलेले शिंग व पांढरा ठिपकाही नोंदला आहे. २६ नोव्हेंबर रोजी नकाराचे पत्र मिळाले.

या प्रकरणात सर्वांत मोलाचा कागद ८ सप्टेंबरच्या नोंदीचा आहे. विमा उतरविल्यानंतर तीन महिन्यांनी बिल्ला जागेवर होता, तो शेवटच्या चार आठवड्यांत पडला, हे त्यावरून दिसते. बिल्ला महिनोन् महिने नव्हता व तुम्ही कळविले नाही, हा आक्षेप त्याने दुबळा होतो. दाखला आणि शवविच्छेदन अहवाल शेजारी शेजारी ठेवून खुणा एकेक करून जुळवाव्यात. फाटलेली पाळी हीसुद्धा बिल्ला होता याचीच खूण आहे.

उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे करावे. त्याचा पत्ता पॉलिसीवर किंवा नकाराच्या पत्रावर असतो. मजकूर साधारणपणे पुढीलप्रमाणे असावा.

‘विषय : म्हशीच्या विम्याचा दावा नाकारल्याबाबत फेरविचार होणेबाबत. संदर्भ : पॉलिसी क्र. …, दावा क्र. …, आपले दि. २० नोव्हेंबर २०२५ चे पत्र.

महोदय, आपले वरील पत्र मला दि. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिळाले. बिल्ला सादर न केल्याच्या एकमेव कारणावर आपण दावा नाकारला आहे. म्हैस विम्याच्या मुदतीत मेली, सूचना त्याच दिवशी दिली व शवविच्छेदन झाले, याबद्दल आपल्या पत्रात आक्षेप नाही.

आपण उल्लेखिलेली अट मला विमा घेताना सांगितली गेली नाही. पॉलिसी किंवा तिच्या अटींची प्रत मला आजपर्यंत मिळालेली नाही. माझ्याकडे केवळ हप्त्याची पावती आहे. प्रत मला दिल्याचा पुरावा आपणाकडे असल्यास तो पाठवावा. न कळविलेली अट माझ्यावर बंधनकारक नाही. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचे मॉडर्न इन्शुलेटर्स (२०००) व भारत वॉच कंपनी (२०१९) हे निकाल पाहावेत.

याखेरीज, बिल्ल्याचा हेतू जनावराची ओळख पटविणे एवढाच आहे. आरोग्य दाखला, विम्याच्या वेळचा फोटो, दि. ८ सप्टेंबर २०२५ ची दवाखान्याची नोंद व शवविच्छेदन अहवाल यांतील खुणा तंतोतंत जुळतात. मेलेली म्हैस विमा उतरविलेली नव्हती असे आपले म्हणणे असल्यास त्याचा आधार कळवावा. ओळख पटलेली असताना केवळ बिल्ला नाही म्हणून संपूर्ण रक्कम नाकारणे अन्यायकारक आहे.

तरी ७०,००० रुपये मंजूर करावेत. तसेच माझ्या प्रस्तावाची, संपूर्ण पॉलिसीची, आरोग्य दाखल्याची व तपासनिसाच्या अहवालाची प्रत द्यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी पुढील दाद मागेन.’

पत्र स्पीड पोस्टाने किंवा कंपनीच्या ई-मेलवर पाठवावे आणि पावती जपावी. सोबत फक्त झेरॉक्स प्रती जोडाव्यात. मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत.

या मसुद्यातील दोन मुद्द्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. ‘अट मला माहीत नव्हती’ एवढ्यावरच थांबल्यास, कंपनीने पॉलिसी पाठविल्याचा संदेश दाखविला की सारे उत्तर कोसळते. दुसरा मुद्दा पहिल्यावर अवलंबून नसल्यामुळे तो तसाच उभा राहतो. रागाची भाषा, एजंटावरील आरोप, गावातील इतरांना कसे पैसे मिळाले याची हकिकत, हे सर्व पत्रातून गाळावे. वाचणाऱ्याला त्यामागे लपण्यास जागा मिळते.

केव्हा चालत नाही?

बिल्ल्याच्या प्रश्नावर ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत, आणि ओळख इतर मार्गाने पटली की नाही यावर बरेच काही अवलंबून असते. शवविच्छेदन न करता म्हैस पुरली असेल, फोटो नसेल, दाखल्यात ‘काळी म्हैस’ एवढेच लिहिले असेल, तर वरील पत्र लिहून फारसे काही साधणार नाही.

प्रस्तावावरील सहीसुद्धा पाहावी. शेवटी बहुधा ‘मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला’ अशी ओळ असते. तिच्याखाली सही किंवा अंगठा असेल, तर ‘सांगितले नाही’ हे म्हणणे पातळ होते. अशा वेळी, समजावून सांगणाऱ्याचे नाव व सही त्या ओळीखाली आहे काय आणि प्रस्तावात बिल्ल्याची अट लिहिली होती काय, हे तपासावे. पुष्कळदा प्रस्तावात अट नसतेच, ती फक्त पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरांत असते. त्याच कंपनीकडे तीन-चार वर्षे विमा चालू असेल व आधीची पॉलिसी घरात असेल, तर मात्र पहिला मुद्दा सोडून द्यावा व दुसऱ्यावरच भर द्यावा.

जनावर मेल्यानंतर कानात नवा बिल्ला अडकविण्याचा सल्ला कोणी देतो. तो कधीही ऐकू नये. मेलेल्या कानाला पाडलेले भोक शवविच्छेदनात ओळखू येऊ शकते, आणि मग खरा दावाही खोटा ठरतो.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. विमा सुरू झाल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत झालेल्या रोगाने आलेला मृत्यू, मालकाच्या हलगर्जीपणाने झालेला मृत्यू किंवा चोरी, हे धोकेच अनेक पॉलिसींत वगळलेले असतात. त्यांना ‘हेतू पूर्ण झाला’ हा दुसरा मुद्दा लागू पडत नाही, कारण तेथे प्रश्न पुराव्याचा नसून विमा कशाचा होता याचा असतो. तेथे कळविले नसल्याचा पहिला मुद्दाच काय तो उरतो. मात्र अपवादाचे कलम लागू होते हे दाखविण्याची जबाबदारी कंपनीची असते.

पुढे कोठे जावे?

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर दोन वाटा आहेत. पहिली विमा लोकपालाची. तेथे फी नाही, वकील लागत नाही आणि कंपनीवर निर्णय बंधनकारक असतो. कंपनीने फेरविचार नाकारल्यापासून, किंवा उत्तर न आल्यास ते तीस दिवस संपल्यापासून, एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. आपल्या भागासाठी कोणते कार्यालय आहे ते पॉलिसीवर पाहावे. वरील उदाहरणात आपले पत्र ५ डिसेंबर २०२५ रोजी पोचले व उत्तर आले नाही, तर जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यापासून हे वर्ष मोजावे.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबाग येथे आहे. दावा नाकारल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. येथे फी ठरते ती भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे आपल्या बाबतीत हप्त्यावर, आणि पाच लाख रुपयांपर्यंत ती शून्य आहे. तक्रारीत बँकेने पॉलिसी अडकवून ठेवली असेल तर कंपनीबरोबर बँकेलाही सामनेवाले करावे. दोन्ही वाटा एकाच वेळी चालत नाहीत. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून लोकपालाकडे जावयाचे असल्यास आधी जावे.

येथे एक बारकावा आहे, जो पुष्कळ वेळा निसटतो. कायद्याने ‘अनुचित करार’ या कारणाखालील तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. ती मुंबईच्या राज्य आयोगाकडे करावी लागते. एका म्हशीसाठी तेवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून अलिबागच्या तक्रारीत ‘ही अट रद्द करावी’ अशी मागणी घालू नये. ‘अट कळविली नाही आणि ओळख पटूनही दावा नाकारला, ही सेवेतील त्रुटी आहे’ असे लिहून विम्याची रक्कम, त्यावरील व्याज व तक्रारीचा खर्च मागावा. आशय तोच राहतो व प्रकरण जिल्ह्याच्याच ठिकाणी चालते.

ज्यांच्या म्हशी आज विम्यात आहेत त्यांनी पुढच्या हप्त्याची वाट न पाहता शाखेत जाऊन पॉलिसीची संपूर्ण प्रत, मागील बाजूसह, मागून घ्यावी. बिल्ला पडलेला दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात नोंद करून घ्यावी, कंपनीला लेखी किंवा संदेशाने कळवावे आणि फाटलेल्या कानाचा, कपाळाचा व शिंगांचा एकत्रित फोटो काढून ठेवावा.